गुरुवारचा वायदा

आमच्या पट्ट्यात 'गुरुवारी नक्की' असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ 'विसरा' असा असतो. हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये खरेदी सांभाळलेल्या बाईला ठाऊक असायलाच हवं. तरीही मी फसले, आणि ज्याने फसवलं त्याला पाटपाणी मीच केलं होतं, म्हणून ही हकीकत सांगताना मला त्याच्याइतकाच स्वतःचाही राग येतो.

भोसरी, चिंचवड, चाकण या सगळ्या भागात छोट्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. पूर्वी त्या दिवशी वीजच नसायची, म्हणून मशिनं बंद. आता वीज बहुतेक असते, पण सुट्टी गुरुवारचीच राहिली. बाहेरून नोकरीला आलेल्या माणसाला हे कळायला दोन महिने लागतात. तोवर तो गुरुवारी कुणाच्या तरी बंद शटरसमोर उभा राहून फोन लावत असतो.

आमचा कारखाना पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतो. भाग काढायचा तर आधी डाय लागते, म्हणजे त्या आकाराचा पोलादी साचा. डाय आम्ही बनवत नाही, बाहेरून करून घेतो. त्या वर्षी एका मोठ्या गाडी कंपनीकडून आम्हाला एका ब्रॅकेटचं काम मिळालं होतं. त्याआधी त्यांचं काम आम्हाला दुसऱ्यांच्या हाताखालून मिळायचं, हे पहिलंच थेट मिळालेलं. दोन महिन्यांत नमुने दिले तर काम आमचं, नाही तर दुसरा पुरवठादार त्यांनी तयारच ठेवला होता, आणि ते त्यांनी लपवूनही ठेवलं नव्हतं.

डायसाठी मी दिघीकडच्या एका टूलरूमवाल्याचं नाव सुचवलं. तिथल्याच जुन्या घरातला माणूस, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने यापूर्वी आम्हाला दोन लहान डाय वेळेवर दिल्या होत्या. आमचे मालक आगाऊ रक्कम म्हणून एक तृतीयांशाच्या वर एक पैसा सोडत नाहीत. याने मात्र निम्मी मागितली, पोलाद महागलंय म्हणून. मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "द्या साहेब, माझा शब्द." मालकांनी सही केली आणि पेन बंद करता करता म्हणाले, "मॅडम, मग हा तुमचा माणूस." त्या क्षणापासून तो माझा माणूस झाला. असा माणूस शत्रूलाही मिळू नये.

रक्कम जमा झाली त्या दिवशी त्याने मला तीन वेळा फोन केला. मिळाली, आभारी आहे, उद्याच पोलाद आणतो. डिझाईन आमच्या इंजिनिअरने तपासून मंजूर केलं. दहा दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, काम एकदम जोरात चालू आहे." त्यानंतर मूग गिळून बसला तो बसलाच.

एकोणीस दिवस. फोन वाजायचा, पूर्ण वाजायचा आणि थांबायचा. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर नाही. गंमत म्हणजे आमच्या भागातल्या उद्योजकांच्या ग्रुपवर मात्र त्याचा सकाळी सव्वासातचा सुविचार एक दिवसही चुकला नाही. उगवता सूर्य, कमळ आणि खाली 'प्रामाणिकपणा हीच खरी संपत्ती'. मी चहा पिता पिता तो वाचायची आणि चहा कडू लागायचा.

मधल्या काळात मी काय करत होते? मेल पाठवत होते. माझ्या मेलची भाषा आज वाचली तर मलाच माझी कीव येते. कृपया सद्यस्थिती कळवावी. पुनश्च स्मरण. तातडीचे स्मरण. अंतिम स्मरण. अंतिम स्मरणानंतर मी आणखी दोन पाठवली. खरेदी खात्यातला माणूस रागावला की विषयाची ओळ लाल करतो आणि मालकांना प्रत पाठवतो, यापलीकडे त्याच्या हातात शस्त्र नसतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं मी रोज सकाळी अकरा वाजता ओतत होते, आणि ओतल्याची नोंद ठेवत होते.

विसाव्या दिवशी मी आमच्या स्टोअरमधल्या माणसाच्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, त्यामुळे उचलला.

"अहो, कधी देताय डाय?"

"मॅडम! अहो मीच तुम्हाला करणार होतो." हे वाक्य तर या धंद्यातल्या माणसांना बारशालाच शिकवत असावेत. "हार्डनिंगला गेलंय सगळं. गुरुवारी नक्की. गुरुवारी ट्रायल घेऊन टाकू."

हार्डनिंग म्हणजे पोलादाचे ठोकळे आकार देऊन, भोकं पाडून झाले की भट्टीत तापवून कडक करतात ते. तिथवर काम आलं असेल तर पुढचं ग्राइंडिंग, विजेच्या तारेने कापायचं वायरकट आणि जोडणी एवढंच उरतं. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच गाडी कंपनीच्या इंजिनिअरला मेल टाकली: ट्रायल येत्या गुरुवारी. तोही बिचारा माझ्यामागे रोज लागला होता. तरुण, सभ्य, मध्य प्रदेशातून आलेला. एकोणीस दिवस मी त्याला 'काम प्रगतिपथावर आहे' असं कळवत होते. कुठल्या पथावर, ते मलाही माहीत नव्हतं.

मेल गेली आणि मी जेवायला निघाले. वाटेत आमचे प्रेसवरचे फोरमन भेटले. त्यांना आनंदाने सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"गुरुवारी? कुठल्या प्रेसवर घ्यायची मॅडम ट्रायल? आपला बंद, त्यांचा बंद. देवळात घेऊ या का?"

मी तिथेच, वॉश बेसिनजवळ, डबा हातात घेऊन उभी राहिले. फोरमन हसले नसते तर मला बरं वाटलं असतं. माणसाने खोटं बोलताना निदान ऐकणाऱ्याची अक्कल गृहीत धरावी. याने तेवढीही तसदी घेतली नव्हती. आठवड्यातल्या सात दिवसांपैकी ज्या दिवशी सगळं कुलूपबंद असतं तोच दिवस त्याच्या तोंडातून सहज बाहेर पडला. आणि मी तो झेलून, पुसून, ग्राहकाला नेऊन दिला होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढपी मी.

त्या दुपारी माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. मी इतके दिवस 'कधी' विचारत होते. 'कधी' या प्रश्नाला कुणीही काहीही उत्तर देऊ शकतो. उद्याबद्दल खोटं बोलायला काही लागत नाही, उद्या अजून आलेलाच नसतो. विचारायला हवं होतं 'कुठे'. ठोकळा आत्ता कुठे आहे? कारण ठोकळा कुठेतरी असतोच, आणि बाहेर भट्टीवर पाठवला असेल तर सोबत चलन गेलेलं असतं. कागदाशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही.

म्हणून मी नवी मेल लिहिली. कृपया नाही, स्मरण नाही. डायचे मुख्य तुकडे सहा: दोन प्लेटा आणि कठीण पोलादाचे चार ठोकळे. प्रत्येकासमोर तीन रकाने. आज कुठे आहे, त्याच्यावर शेवटचं काय काम झालं, कशावरून. हार्डनिंगला गेलं असेल तर चलनाचा फोटो. तारीख मागितलीच नाही. फोनवरही तेच पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या. चलन आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला सुविचार आला, 'संयम ठेवा, फळ मिळेल'.

मग मी ठरवलं की गुरुवारी जायचं. त्याने गुरुवार सांगितला ना, मग गुरुवारीच.

घरी म्हणाले, सुट्टीच्या दिवशी बंद शेड बघायला कशाला चाललीस? खरं तर तोवर मला हेही कळलं होतं की टूलरूम बघायला गुरुवारइतका चांगला दिवस नाही. चालू दिवशी कारखान्यात शिरलं की आवाज, तेलाचे फवारे, धावपळ. कुठलंही काम दाखवून 'हे बघा तुमचंच' म्हणता येतं. बंद दिवशी जे जिथे थांबलंय ते तिथेच उभं असतं. चिंचवडहून मी स्कूटर काढली आणि तासाभरात दिघीला पोचले.

शेड रस्त्यापासून आत होती, मागे लष्कराची भिंत, शेजारी त्यांचं जुनं कौलारू घर. शटरला कुलूप. फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ सावलीत बसले होते. पांढरा सदरा, धोतर, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. टूलरूमवाल्याचे वडील. शेत गेलं, शेड आली, राखण तीच, असं ते नंतर मला म्हणाले.

"आज बंद हाय ताई. गुरुवार हाय."

"मला माहीत आहे बाबा. तुमच्या मुलाने मला आजचीच तारीख दिलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गुरुवारची दिली?" आणि मान हलवली. आमच्या फोरमननी जे हसून सांगितलं ते त्यांनी नुसती मान हलवून सांगितलं.

कुठल्या कंपनीच्या आहात, काय काम आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आमच्या भागाचा नंबर सांगितला, ठोकळ्यांवर तो पिवळ्या रंगाने लिहिलेला असेल, असंही मी म्हणाले. मला वाटलं, म्हातारा मुलाला फोन करून विचारेल, सावध करेल आणि मला चहा पाजून वाटेला लावेल. ते उठले, शटर वर ढकललं आणि आत गेले. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. गोणपाट बाजूला सारून म्हणाले, "हे का बघा. पिवळं हाय. मला वाचता येत न्हाई."

आमचाच नंबर. चार ठोकळे आणि दोन प्लेटा, जशा पोलादाच्या दुकानातून कापून आणल्या तशाच. एक भोक नाही, एक ओरखडा नाही. वर धूळ, आणि एका ठोकळ्यावर कुणीतरी चहाचा पेला ठेवल्याचा गोल डाग. हार्डनिंगला गेलेलं पोलाद गोणपाटाखाली झोपलं होतं. शेजारच्या मशिनवर मात्र एक भलामोठा साचा अर्धा कोरलेला बांधून ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याहून जास्त त्या पेल्याचा राग आला.

"आनल्यापासनं हितंच हाय ते," म्हातारे म्हणाले. "मी रोज बघतो. झाडू मारतो ना."

"तुमचा मुलगा माझा फोन घेत नाही बाबा. एकोणीस दिवस."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बटणांचा फोन काढला आणि लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला. एकोणीस दिवस आणि दोन रिंगा. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हां बाबा, बोला."

"मी बोलतेय," मी म्हणाले. "तुमच्या शेडमध्ये उभी आहे. हार्डनिंगला गेलेल्या ठोकळ्यांवर हात ठेवून."

पलीकडून त्याच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू आला.

तो ताथवड्याच्या नव्या फ्लॅटवरून पाऊण तासात आला. गाडीतून उतरताना चेहऱ्यावर तेच गोड हसू. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला?" मग वडिलांकडे बघून हसू मावळलं. खरं ते मग बाहेर आलं, आणि ते अगदीच सामान्य होतं. एका मोठ्या कंपनीचं मोठं काम अचानक आलं, मशिनचे तास तिकडे गेले. आमचं पोलाद त्याने इमानाने आणून ठेवलं होतं, हात लावायला वेळ झाला नाही.

"मग सांगायचं ना मला! तिसऱ्या दिवशी सांगितलं असतंत तर मी हे ठोकळे उचलून दुसरीकडे नेले असते. आता नमुन्याला किती दिवस उरलेत, माहीत आहे?"

"तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटेना मॅडम. तुम्ही एवढा विश्वास टाकला. काय तोंडाने सांगू म्हणून उचलला नाही."

हा असल्या माणसांचा स्वाभिमान. नाही म्हणायची लाज वाटते, फसवायची वाटत नाही. अशी नाजूक माणसं मी या धंद्यात पोत्याने पाहिली. लगेच तो म्हणाला, "आता मात्र पुढच्या..."

"वाराचं नाव घेऊ नगंस," वडील म्हणाले.

म्हातारे माझ्याकडे वळले. "ताई, तारीख मी बी देनार न्हाई. मला त्यातलं कळत न्हाई. पन उद्यापासनं तुमचं काम मशिनवर चढंल, ते मी बघतो. आन रोज सांजच्याला सहा वाजता काय झालं ते तुमास्नी सांगीन. झालं तर झालं, न्हाई तर न्हाई. चालंल?"

मी हो म्हणाले, कारण दुसरा इलाज नव्हता. सहाही तुकड्यांवर मी खडूने एक ते सहा आकडे टाकले. आकडे ओळखता येतात, असं म्हातारे म्हणाले. परत येताना माझ्या मनात एकच होतं: वीस वर्षांची खरेदी, आणि शेवटी माझं काम निरक्षर म्हाताऱ्याच्या बटणाच्या फोनवर आलं.

शुक्रवारी सहा वाजता फोन वाजला. "ताई, एक आन दोन मशिनवर चढलं. ते मोटं धूड उतरवलं. पोरगं फुगलंय, पन चालू हाय." शनिवारी, "तीन नंबरला भोकं पडली. मी मोजली, सात." मी ड्रॉइंग काढून पाहिलं, सात. रविवारी, "आज कायबी न्हाई. कामगार लग्नाला गेला." एवढंच, आणि फोन ठेवला. मला चीड यायला हवी होती, पण आली नाही. 'आज काही नाही' हे वाक्य मला कोणत्याही पुरवठादाराने वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे रोज काहीतरी जोरात चालू असतं.

आठवडाभरात ठोकळे भट्टीवर गेले. म्हाताऱ्यांनी चलन नातीकडून फोटो काढून मला पाठवलं, उलटं. मी फोन फिरवून वाचलं, चारही ठोकळे, आकड्यांसकट.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता त्यांचा आवाज खाली होता. "ताई, वंगाळ झालं. चार नंबर तडकला भट्टीत. कोपऱ्यापासनं चीर हाय. नखाला लागतीया."

पोलाद कडक करताना तडकतं कधीकधी. कुणाचाच दोष नसतो, किंवा सगळ्यांचा थोडा असतो. मुलाच्या हातात असतं तर ती चीर मला महिन्यानंतर कळली असती, तीही गुरुवारी. आता संध्याकाळी सहा वाजता कळली. सहा दहाला मी पोलादाच्या दुकानात फोन केला, सकाळी नवा ठोकळा दिघीला पोचला. तीन दिवसांत त्याचं काम होऊन तो भट्टीच्या पुढच्या फेरीत गेला. बाकीचे तीन तोवर वायरकटवर चढले.

चीर कळली त्याच संध्याकाळी मी गाडी कंपनीच्या इंजिनिअरलाही लिहिलं. 'प्रगतिपथावर' खोडून टाकलं. एक तुकडा तडकला, नवा मागवलाय, बाकीचे अमुक ठिकाणी आहेत, नमुने तुमच्या तारखेनंतर सहा दिवसांनी मिळतील. काम जाणार असेल तर याच मेलने जाणार होतं. तासाभराने त्याचा फोन आला. म्हणाला, त्याने दुसऱ्या पुरवठादारालाही विचारलं होतं, डाय कधी होईल म्हणून.

"उन्होंने क्या कहा?"

"थर्सडे," तो म्हणाला. गुरुवारचा अर्थ आता त्यालाही कळला होता. त्याने आम्हाला सहा दिवस दिले.

डाय बुधवारी आली. फोरमननी प्रेसवर चढवली, दुसऱ्या ठोक्याला ब्रॅकेट बरोबर पडलं. टूलरूमवाला सोबत आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, "झालं ना मॅडम? तुम्ही उगाच काळजी करत होता." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मालक येऊन माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा माणूस बरा निघाला." माझा माणूस कोण, ते त्यांना सांगून कळलं नसतं.

पुढे मोजमापं, अहवाल, नमुन्यांच्या पेट्या, कंपनीकडच्या बैठका. शुक्रवारी सहा वाजता फोन वाजला, मी बैठकीत होते, कापला. 'नंतर करते' असा तयार मेसेज गेला. बटणाच्या फोनवर तो कुणी वाचणार होतं? शनिवारी वाजला, मी स्कूटरवर होते. रविवारी वाजला, पाहुणे होते. सोमवारी पाहिला आणि म्हटलं, आता त्यांचं काय काम असणार, डाय तर आली. मंगळवारीही पूर्ण वाजला आणि थांबला. त्याच मंगळवारी दुपारी कंपनीने नमुने मंजूर केल्याचं कळवलं होतं. मी पेढे वाटले. मालक, फोरमन, इंजिनिअर, स्टोअरमधला माणूस, सगळ्यांना सांगितलं.

बुधवारी सहा वाजता योगायोगाने हात मोकळा होता, म्हणून उचलला.

"ताई, तुमी पन उचलना झालात," म्हातारे म्हणाले. रागाने नाही. सवय असल्यासारखं.

मी म्हणाले, "अहो बाबा, मीच तुम्हाला करणार होते."

वाक्य तोंडातून गेलं आणि माझे कान गरम झाले. परत घेता येत नव्हतं.

"पोराला इचारलं, त्यो म्हनतो मला ठावं न्हाई. माझा दुसरा काय सवाल न्हाई. त्यो चार नंबर, नवा घातलेला, बरा बसला का? पास झालं का तुमचं? हो का न्हाई, तेवढं सांगा."

"हो बाबा. पास झालं."

"कवा?"

"काल दुपारी."

मागे शेडमधल्या मशिनचा आवाज ऐकू येत होता.

"मग सांगायचं की," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.